प्रिलची वेलांटी

छापखान्यात तिला सगळे मात्राबाई म्हणत. एका पाठ्यपुस्तकातली सुटलेली मात्रा तिने शेवटच्या घटकेला पकडली होती आणि चाळीस हजार प्रती रद्दीत जाण्यापासून वाचवल्या होत्या, तेव्हापासून हे नाव तिला चिकटलं. औषधाच्या डोसालाही मात्राच म्हणतात, हे तिला कधी सुचलं नाही. ती अक्षरांची बाई होती. औषधं तिच्याकडे फक्त कागदावर येत.

आणि येत मात्र रोज. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद, जो कोणी वाचत नाही, तो या छापखान्यात छापला जाई. वाचत नाही म्हणायचं, पण दोन बायका तो शब्दन् शब्द वाचत. जिन्याखालच्या खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये उतरतं टेबल आणि हिरव्या काचेचा दिवा. एका खुर्चीत मात्राबाई मूळ कागद मोठ्याने वाचायची. समोर तिची सख्खी धाकटी बहीण तपासणीसाठी छापून आलेल्या मुद्रितावर पेन्सिल धरून बसलेली. दोघींची नजर आपापल्या कागदावर. एकमेकींकडे बघायचं नाही. बघितलं की ओळ हरवते. पस्तीस वर्षं त्या एकमेकींना कानाने ओळखत होत्या.

वाचायची रीतही त्यांची स्वतःची. स्वल्पविरामाला मात्राबाई नुसतं ‘स्वल्प’ म्हणे, पूर्णविरामाला ‘टिंब’, नव्या परिच्छेदाला ‘परि’. ऱ्हस्व वेलांटी म्हणजे ‘पहिली’, दीर्घ म्हणजे ‘दुसरी’. औषधाचं नाव आलं की ते फोडून वाचायचं. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल. अक्षरं जुळवणाऱ्याचा हात घसरून कुठे ‘प्रील’ पडू नये म्हणून तिने फार पूर्वी भिंतीवर एक चिठ्ठी डकवली होती : ‘प्र-ला पहिली. सगळ्या प्रिलांना पहिली.’ चिठ्ठी पिवळी पडली, पण नियम पक्का होता.

खोकला लागला तो मागच्या वर्षी. थंडी नाही, ताप नाही, कफाचा ठिपका नाही. गळ्यात कोणीतरी आतून पीस फिरवावं तशी खवखव, आणि मग कोरडा, कडक, एकामागून एक तीन-चार ठसके. आडवं झालं की जास्त. वाचताना तर हमखास.

“‘झोपण्यापूर्वी स्वल्प’ — खॉ, खॉ — ‘पाण्याबरोबर...’”

“ताई, ‘खॉ’ मुद्रितात नाही. लावू का?” धाकटी मान वर न करता विचारी.

“लाव. दोनदा लाव.”

पहिले काही दिवस दोघी हसल्या. मग हसू आटलं. कारण एक पत्रक वाचायला लागायचा पाऊण तास, तो दीडवर गेला. छापखान्याचे मालक जिन्यावरून खाली डोकावू लागले. सज्जन माणूस, बोलत नसे, पण एकदा म्हणाले, “बाई, कागदाची धूळ बाधतेय तुम्हाला. हवं तर वरती बांधणीत बसा. मोकळी हवा. वाचायला त्या नव्या पोरीला बसवू.”

बांधणीत म्हणजे घड्या घालायला. ज्या खुर्चीत बसून मात्राबाईने आवाजाने संसार ओढला, नवरा गेल्यावर जिच्या आधाराने ती धाकटीच्या दोन खोल्यांत राहायला आली आणि ताठ मानेने राहिली, ती खुर्ची एका ठसक्यासाठी सोडायची?

“धूळ नाही ओ,” ती म्हणाली. “जाईल.”

पण मनात तिने धुळीलाच पकडलं होतं. मालकांना नाही म्हणायचं आणि घरी येऊन धूळ झटकायची, असं तिचं सुरू झालं. उशी बदलली. घोंगडी उन्हात टाकली. कपाटामागून एवढी जळमटं काढली की धाकटीला शिंका आल्या. वाफारे घेतले. छातीचा फोटो काढून आणला, तो काचेसारखा स्वच्छ. खोकल्याची गोड बाटली संपवली; गुंगी आली, खोकला जागचा हलला नाही.

या सगळ्यात एक गोष्ट तिच्या नजरेसमोर होती आणि दिसत नव्हती. खोकला सुरू होण्याच्या सहा-सात आठवडे आधी तिचा रक्तदाब वाढलेला निघाला होता आणि गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला एक गोळी सुरू केली होती. सकाळ-संध्याकाळ. एनालाप्रिल. ज्या गोळीचं पत्रक तिने स्वतः, याच खुर्चीत बसून, मोठ्याने वाचलं होतं. ‘सततचा कोरडा खोकला स्वल्प’ असं ती वाचून गेली होती. पण त्या आधीच्या पत्रकात मळमळ होती, त्याच्या आधीच्यात चक्कर, पुरळ, तोंडाला कोरड, स्वप्नं पडणं. पत्रकात सगळंच असतं. पस्तीस वर्षं रोज सगळ्या जगाचे त्रास मोठ्याने वाचणाऱ्या माणसाने त्यांतला कुठला आपल्यासाठी लिहिलाय हे कसं ओळखायचं?

एकदा धाकटीच म्हणाली, “ताई, ती प्रेशरची गोळी तर नाही?”

मात्राबाईने मनावर घेतलं. कोणाला न विचारता चार दिवस गोळी बंद. खोकला होता तसाच. पाचव्या दिवशी डोकं जड झालं, दवाखान्यात दाब मोजला तर काटा वर. डॉक्टर रागावले, गोळी पुन्हा सुरू. “बघ,” ती धाकटीला म्हणाली, “गोळीचा काही संबंध नाही. उगाच बिचारीवर आळ.”

चार दिवसांत हा खोकला जात नसतो, त्याला आठवडे लागतात, हे दोघींपैकी कुणाला ठाऊक असणार?

तरीही शंकेचा किडा पूर्ण मेला नव्हता. पुढच्या खेपेला ती डॉक्टरांना म्हणाली, “ही गोळी मला मानवत नाही.”

“काय होतं?”

“दोनदा घ्यायची, संध्याकाळची राहून जाते. आणि घसाही जरा...”

बाहेर बाकावर वीस माणसं होती. डॉक्टरांनी वाक्याचा पहिला अर्धा ऐकला. त्यांच्यासमोर बसल्यावर ती एकदाही खोकली नाही. दवाखान्यात गेलं की हा खोकला शहाण्या पोरासारखा गप्प बसायचा. “मग दिवसातून एकदाच घ्यायची देतो,” ते म्हणाले आणि नवं नाव लिहून दिलं. खोकं निळ्याचं हिरवं झालं. वर कंपनीने ठेवलेलं नाव मोठ्या अक्षरांत. खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत : रामिप्रिल.

जिने आयुष्यभर मुंगीएवढी अक्षरं वाचली, तिने ती वाचली नाहीत. घरी आल्यावर चष्मा काढलेला असतो. आणि कामाबाहेर ती मथळाच वाचायची, इतर सगळे वाचतात तसा.

दोन महिने गेले. खोकला तसाच. आता तर हिशेब स्वच्छ होता : गोळी बदलली, खोकला बदलला नाही, म्हणजे गोळी निर्दोष. शब्द बदलला की वस्तू बदलते, ही तिची जन्माची श्रद्धा. ‘दिन’ला दुसरी वेलांटी दिली की दिवस जातो आणि गरीब माणूस उरतो. दोन निराळ्या नावांखाली एकच वस्तू असेल, हे तिच्या धंद्यातच बसत नव्हतं.

तिला स्वतःबद्दलच शंका येऊ लागली. हा खोकला खरा आहे की वाचायचा कंटाळा आलाय आणि गळा सबब काढतोय? ठसका कुठून येतो हे बघायला ती मध्येच वाचन थांबवून गळ्याशी कान लावल्यासारखी बसे.

“हरवलीस का गं?” धाकटी विचारी.

“नाही. ऐकतेय.”

“काय?”

ती ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचायला लागे.

मग एका सकाळी आरशात तिला एक अनोळखी ओठ दिसला. वरचा, डावीकडून फुगलेला, जणू कुणी आतून बोट लावून पुढे ढकलतंय. दुखत नव्हता. खाजत नव्हता. अंगावर गांधी नाही, पुरळ नाही.

“काहीतरी चावलं तुला,” धाकटी म्हणाली. “किंवा ती नवी टूथपेस्ट. बाई, रुसल्यासारखी दिसतेस.”

“रुसलेच आहे.”

घरात अ‍ॅलर्जीची गोळी होती, ती घेतली. ओठ दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उतरला. गोळीने उतरला, असं दोघींनी ठरवलं. आपोआप उतरला असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. टूथपेस्ट टाकून दिली. रक्तदाबाची गोळी मात्र रोज सकाळी नेमाने चालू.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, अकराच्या सुमाराला, एका पोटदुखीच्या औषधाचं पत्रक समोर होतं. मात्राबाई वाचत होती. सकाळपासून जीभ जरा जड होती. रात्री नीट झोप नाही, म्हणून असेल. खोकला त्या दिवशी कमी होता, त्यामुळे ती खुशीत होती आणि भरभर वाचत होती.

“‘फोटात दुखत असल्यास स्वल्प...’”

धाकटीची पेन्सिल थांबली. “मुद्रितात ‘पोटात’ आहे. मुळात फ आहे?”

“फच आहे.”

“फ का प?”

“फ!” मात्राबाई जोर देऊन म्हणाली. तिच्या कानाला ती ‘प’च म्हणत होती.

धाकटीने पस्तीस वर्षांच्या सवयीने समासात खूण केली, ‘प’ खोडून ‘फ’ लिहिला. पुढची ओळ आली. “‘फाण्याभरोभर...’”

आता मात्र तिने कधी केलं नव्हतं ते केलं. तिने मान वर केली.

मात्राबाईचे दोन्ही ओठ सुजले होते, गाल एका बाजूने भरला होता आणि तोंड मिटत नव्हतं. कोपऱ्यातून लाळेची तार लोंबत होती. ती मात्र अजून ओळीवर बोट ठेवून बसलेली, धाकटी पुढे का जात नाही या विचारात.

“ताई, हात वर कर! दोन्ही कर!” धाकटी किंचाळली. प्रेशरची बाई, तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय. तिला एकच गोष्ट सुचली, पक्षाघात. मात्राबाईने दोन्ही हात वर केले. सरळ राहिले. “हस बघू!” हसण्याएवढी जागाच तोंडात नव्हती. जीभ खालच्या दातांवर ओल्या कापडासारखी पसरली होती.

मालक जिन्यावरून धावत आले. “गाडी काढतो. बाईंना उताणं झोपवू नका.” हे त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे, पण योग्य सांगितलं. धाकटीने जाताना ताईची पिशवी उचलली. पिशवीत चष्मा, रुमाल आणि गोळ्या : हिरव्या खोक्यातली पट्टी, आणि तळाशी जुन्या निळ्यातली उरलेली दोन.

इस्पितळाच्या तातडीच्या खोलीतली डॉक्टर तरुण होती, आवाज खर्जातला. तिने मात्राबाईला उठवून बसवलं, तोंडात बॅटरी मारली, मग कान गळ्याशी नेला. श्वास घेताना आत शीळ वाजते का ते ऐकत होती. मात्राबाईला वाटलं, ही पण ऐकतेय. हिला तरी ऐकू येईल.

“खाज?” मान हलली, नाही. “अंगावर गांधी उठल्यात?” नाही. “आज नवीन काही खाल्लं? चावलं? पूर्वी असं झालंय?”

“ओठ सुजला होता एकदा,” धाकटी म्हणाली. “टूथपेस्टने.”

“गोळ्या कुठल्या घेतात?”

धाकटीने पिशवी पलंगावर उपडी केली. डॉक्टरने मोठं नाव पाहिलंच नाही. पट्टी दिव्याकडे धरून मुंगीएवढी अक्षरं वाचली, मग दुसरी पट्टी घेतली. “खोकला आहे?”

इतक्या महिन्यांत हे कुणी त्यांना विचारलं नव्हतं. ते स्वतः सांगावं लागत होतं, आणि मग कुणी ऐकत नव्हतं.

“वर्ष झालं,” धाकटी म्हणाली. “पण गोळीचा नाही तो. आम्ही गोळी बदलली ना! तरी राहिला.”

“बदलली कुठे?” डॉक्टरने दोन्ही पट्ट्या जवळजवळ धरल्या. “ही हिची सख्खी बहीण आहे.”

मात्राबाईला बोलता येत नव्हतं. तिने हाताने कागद मागितला. धाकटीच्या कानामागे अजून पेन्सिल होती. मात्राबाईने कागदावर लिहिलं : ‘एनालाप्रिल. रामिप्रिल.’ मग दोन्ही शब्दांच्या शेवटाखाली रेघ ओढली आणि त्या रेघा कमानीने जोडल्या. त्यांच्या धंद्यात या खुणेचा अर्थ, तुटलेलं जोडा, हे एकच आहे. खाली लिहिलं, ‘प्र-ला पहिली.’

“हे काय?” डॉक्टरने विचारलं.

“तिला कळलं,” धाकटी म्हणाली आणि तिथेच रडायला लागली.

इंजेक्शनं दिली गेली. पण डॉक्टरने धाकटीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, “ही नेहमीची अ‍ॅलर्जी नाही. त्यामुळे ही इंजेक्शनं लागू पडतीलच असं नाही. खरा उपाय एकच, ती गोळी बंद. सूज आपली आपण उतरेल, एक-दोन दिवस घेईल. तोपर्यंत श्वासाची वाट बंद होऊ नये यावर आमची नजर. झालीच तर नळी घालावी लागेल. सगळं जवळ मांडून ठेवलंय.”

ते सगळं मांडून ठेवलेलं मात्राबाईला दिसत होतं. ती पाठ टेकून, ताठ बसून होती आणि आयुष्यात पहिल्यांदा श्वास मोजत होती. आत, टिंब. बाहेर, टिंब. बोटाला लावलेलं यंत्र तिच्या वतीने बीप बीप वाचत होतं. दुपारपर्यंत सूज वाढली नाही. संध्याकाळी तिने थुंकी गिळली आणि ती गिळली गेली. नळी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी, जीभ निम्मी झाल्यावर, तिने पहिला प्रश्न विचारला तो डॉक्टरला. “म्हंजे धूळ नव्हती?”

“नव्हती. शरीरात एक कात्री आहे समजा, मावशी. ती दोन कामं करते. एक, दाब वाढवणारा पदार्थ घडवते. दोन, दुसरा एक पदार्थ कापून टाकते, साचू देत नाही. ही गोळी कात्री बोथट करते. दाब उतरतो, ते चांगलंच. पण तो दुसरा पदार्थ साचतो. काही जणांना त्याने कोरडा खोकला येतो. दहा जणांत एखाद्याला येतो म्हणा. ओठ-जीभ सुजणं मात्र हजारात काही थोड्यांनाच. कधी पहिल्याच आठवड्यात, कधी वर्षांनंतरही.”

“मग ती गोळी वाईट?”

“वाईट नाही. लाखो लोक सुखाने घेतात. तुम्हाला नाही चालत.”

हे मात्राबाईला पटायला जड गेलं. शब्द एकतर बरोबर असतो नाहीतर चूक. माणसागणिक चूक ठरणारा शब्द तिने पाहिला नव्हता.

“खोकला होता तेव्हाच घराणं बदलायला हवं होतं,” डॉक्टर म्हणाली. “नुसत्या खोकल्याला नावाच्या शेवटी ‘सार्टन’ असलेल्या गोळ्या देतात, त्यांत तो सहसा येत नाही. पण आता चेहरा सुजून गेलाय. आता प्रिल जन्मात नाही, कुठलाही नाही. सार्टनही लगेच नको, गरज पडलीच तर पुढे जपून. तुम्हाला वेगळ्याच घरातली देते, अ‍ॅम्लोडिपिन. रक्तवाहिन्या सैल करते, त्या कात्रीला हात लावत नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “हिने कधीकधी घोटे सुजतात.”

धाकटीने कपाळाला हात लावला. “म्हणजे सूज वरची खाली?”

“ती सूज वेगळी. तिने गळा बंद होत नाही. झाली तर येऊन सांगा, आपणहून बंद करू नका. ओठ, जीभ, आवाज, यातलं काही झालं तर मात्र विचारत बसू नका, सरळ इकडे या.”

मात्राबाई दोन्ही सुजांचा फरक मनात घोळवत राहिली. शब्द एकच, वस्तू दोन. आणि तिकडे नावं दोन, वस्तू एक. तिच्या आयुष्याची खिडकी कुणीतरी उलटी बसवली होती.

घरी आल्यावर खोकला गेला नाही. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. दाब ठीक होता, घोटे ठीक होते, खोकला होता. “ते डॉक्टरचं चुकलं तर?” ती धाकटीला म्हणाली. “धूळच असली तर?”

“चार दिवसांत निकाल लावलास तेव्हा काय झालं? महिनाभर थांब म्हणालीय ती. जास्तही लागेल म्हणालीय.”

वाचायच्या खुर्चीत तोवर धाकटी बसली आणि मात्राबाई तिच्या जागी, पेन्सिल घेऊन. मालकांनी नव्या पोरीचं नाव पुन्हा काढलं नाही. महिना देतो, म्हणाले.

डॉक्टरने सांगितलं होतं, पिशवीत एक कार्ड ठेवा, बोलता आलं नाही तर कामाला येईल. आता छापखान्यातली बाई हाताने लिहिलेलं कार्ड कशी ठेवणार? मजकूर तिने केला, जुळवणाऱ्याने जुळवला, आणि तेविसाव्या दिवशी सकाळी मुद्रित तिच्यापुढे आलं. समोर धाकटीने मूळ कागद धरला आणि वाचायला घेतलं.

“‘मला नावाच्या शेवटी, अवतरण सुरू, प्रिल, अवतरण बंद, असलेलं कोणतंही औषध देऊ नये टिंब. परि. त्याने माझा चेहरा स्वल्प ओठ व जीभ सुजते टिंब.’”

मात्राबाईची पेन्सिल ‘प्रिल’वर थांबली. जुळवणाऱ्याने घातलं होतं ‘प्रील’. तिने खोडलं, समासात लिहिलं, पहिली.

“पुढे वाचू?” धाकटीने विचारलं.

“थांब.”

“काय झालं?”

मात्राबाईने तोंड किंचित उघडं ठेवलं होतं. ठसका येतो त्या जागी काहीच नव्हतं. काही नसणं म्हणजे गेला, की यायचाय, हे तिला ठरवता येईना. सकाळपासून आला होता का? काल? तिला आठवेना. तो कधी थांबला ते तिने ऐकलंच नव्हतं. नसलेलं अक्षर सुटतं ते असं.

“मी खोकले का गं आज?”

धाकटीने मान वर केली आणि तिच्याकडे नीट बघितलं. “मला नाही आठवत.”

मग दोघी उठल्या आणि खुर्च्या बदलल्या. मात्राबाईने मूळ कागद हातात घेतला, दिवा जवळ ओढला, आणि आपल्याच चेहऱ्याचं वाक्य सुरुवातीपासून, मोठ्याने, टिंबापर्यंत वाचलं.